सामन्याआधी थिजणाऱ्या मुलीसाठी कोणतं पुस्तक?

"माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, शाळेकडून बॅडमिंटन खेळते. सरावात स्वतःपेक्षा मोठ्या मुलींना हरवते. पण सामन्याच्या तासभर आधीपासून तिचे हात गार पडतात, पोटात ढवळायला लागतं, बोलणं बंद होतं. कोर्टवर उतरली की पहिल्या गेममध्ये पायच हलत नाहीत, सर्व्हिस नेटमध्ये जाते. दुसऱ्या गेममध्ये जरा मोकळी होते, पण एक गेम मागे पडल्यावर सामना खेचून आणणं जमत नाही. सर म्हणतात, 'मन घट्ट कर.' ते कसं करायचं, हे कुणी सांगत नाही. तिला वाचायची आवड आहे. खेळाच्या मानसशास्त्रावरच्या पुस्तकांच्या याद्या पाहिल्या, तर एकेका यादीत पंधरा-वीस नावं. नेमकं कोणतं घेऊ?" – एक आई

ताई, तुमच्या पत्रातली दुसऱ्या गेमची नोंद सगळ्यात कामाची आहे. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत कुणी नवा फटका शिकत नाही. खेळ तिच्या अंगात होताच, फक्त पहिले दहा-बारा गुण तो तिच्या हाती लागत नव्हता. म्हणून पुस्तक निवडताना सामन्याआधीचा तास आणि हे पहिले दहा गुण, एवढ्याच वेळेबद्दल ते काय सांगतं ते बघा. ही एक चाळणी लावली की याद्यांमधली बरीच नावं गळतात. बहुतेक पुस्तकांचा भर जिद्द, ध्येय आणि विजेत्यांच्या कहाण्या यांवर असतो, आणि तुमच्या मुलीत जिद्द कमी आहे असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही. जिला सामन्याचं काही वाटत नाही, तिचे हात गार पडत नाहीत.

तिच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकामागोमाग घडतात, आणि त्या वेगळ्या ओळखल्या तरच पुस्तकांची निवड सोपी होते.

पहिली गोष्ट शरीराची. समोर काहीतरी मोठं आहे असं वाटलं की शरीर धोक्याच्या तयारीला लागतं. रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात आणि पोटात ढवळतं. श्वास उथळ होतो, खांदे आणि मांड्या आखडतात. आखडलेल्या मांड्यांनी पहिलं पाऊल उशिरा पडतं, आणि बॅडमिंटनमध्ये पहिलं पाऊल उशिरा पडलं की शटल गेलंच.

दुसरी गोष्ट लक्षाची. हजारो वेळा मारलेली सर्व्हिस हाताला पाठ झालेली असते. ती मारताना मनगट कसं धरलंय, कोपर कुठंय, असा विचार खेळाडू सहसा करत नाही. घाबरल्यावर मात्र तो नेमका हाच विचार करायला लागतो आणि पाठ झालेली हालचाल तुटक होते. सायन बेलॉक या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याची फुटबॉलवर एक सुरेख चाचणी प्रसिद्ध केली. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू घेऊन खांबांमधून वळणं घेत जायला सांगितलं आणि पायाची कोणती बाजू चेंडूला लागते याकडे लक्ष ठेवायला लावलं. नेहमीच्या पायाने खेळताना त्यांची गती घटली. नवख्यांना मात्र असं लक्ष दिल्याने फायदाच झाला. तुमच्या मुलीची सर्व्हिस आता नवखी राहिलेली नाही. त्यामुळे सामन्याच्या तोंडावर तिला "मनगट सैल ठेव, रॅकेट वर धर" अशा तांत्रिक सूचना मिळत असतील, तर त्या कितीही बरोबर असल्या तरी त्या वेळी घातकच ठरतात.

आता पुस्तकं. तीनच सांगते, पण सगळीच तिच्यासाठी नाहीत.

बेलॉक यांचं 'चोक' हे २०१० सालचं पुस्तक तुम्ही वाचा. ऐन मोक्याच्या वेळी येत असलेली गोष्ट का बिघडते, याचं इतकं स्पष्ट विवेचन सामान्य वाचकासाठी दुसरीकडे कुठे माझ्या वाचनात नाही. पण त्यात गणिताच्या परीक्षा, मुलाखती, कार्यालयातली सादरीकरणं यांनाही मोठी जागा दिलेली आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात ते दिलं तर शंभर पानांनंतरही उद्याच्या सामन्यात काय करायचं हे तिला कळणार नाही. शिवाय आपलं डोकं दडपणाखाली कसं बिघडतं याचा तपशील भित्र्या खेळाडूला आधी कळला, तर तो स्वतःवर आणखी पहारा ठेवायला लागतो. तुम्हाला आणि सरांना मात्र या पुस्तकामुळे 'मन घट्ट कर'ऐवजी काय बोलायचं, हे समजेल.

मुलीला द्या टिमोथी गॅलवे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस'. १९७४ सालचं छोटंसं पुस्तक आहे. गॅलवे स्वतः टेनिस शिकवत. त्यांचं म्हणणं असं की कोर्टवर आपल्यात दोघं जण असतात: एक सतत सूचना देणारा आणि दोष काढणारा, दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिल्याला 'गप्प बस' म्हणून तो गप्प बसत नाही, त्याला काहीतरी बिनधोक काम द्यावं लागतं. यासाठी त्यांनी दिलेला एक सराव मला संपूर्ण पुस्तकात सगळ्यात मोलाचा वाटतो. चेंडूचा टप्पा पडला की 'बाउन्स' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'हिट' म्हणायचं, तेही अगदी त्याच क्षणी. फटका चांगला गेला की वाईट, हे बघायचंच नाही. शब्द अचूक वेळेवर पडायचा असेल तर चेंडूकडे बघावंच लागतं, आणि मनगटाचा विचार करायला जागाच उरत नाही.

बॅडमिंटनमध्ये टप्पा नसतो, म्हणून थोडा बदल करा. शटल समोरच्या मुलीच्या रॅकेटला लागलं की 'तिचं', आपल्या रॅकेटला लागलं की 'माझं'. सरावात पहिल्या दिवशी मोठ्याने म्हणू दे, मग पुटपुटत, मग मनात. समोरचीच्या फटक्याशी जुळवून घेताना पायही वेळेवर सुटायला लागतात, कारण तिचं लक्ष आता शटल निघण्याच्या क्षणावर असतं. सुरुवातीला शब्द उशिरा पडतील. तेच तर कळायला हवं. शब्द उशिरा पडला याचा अर्थ लक्ष शटलवर नव्हतं, दुसरीकडे कुठेतरी होतं.

या पुस्तकाची मर्यादाही सांगते. शटल खेळात आलं की गॅलवे कामाला येतात. त्याआधीच्या तासाबद्दल, त्या गार बोटांबद्दल त्यांच्याकडे फारसं काही नाही. शेवटची काही प्रकरणं स्पर्धा आणि जगणं यांच्या तत्त्वचिंतनाकडे वळतात. ती आत्ता सोडली तरी चालतील.

तिसरं पुस्तक लॅनी बॅशम यांचं 'विथ विनिंग इन माइंड'. हे रायफल नेमबाज. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दडपणामुळे सुवर्ण हातचं गेलं आणि रौप्यावर समाधान मानावं लागलं, असं ते सांगतात. मग त्यांनी ऑलिम्पिक विजेत्यांना गाठून 'तुम्ही त्या वेळी डोक्यात नेमकं काय ठेवता' हे विचारलं, आणि १९७६ साली माँट्रियलला सुवर्ण मिळवलं. सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. स्वतःच्या प्रतिमेबद्दल आणि स्वतःला वारंवार वाक्यं सांगण्याबद्दल ते बरंच लिहितात. तो एका विजेत्याचा अनुभव आहे, तपासून सिद्ध झालेलं शास्त्र नव्हे. पण प्रत्येक नेमाआधी विचारांची एक ठरावीक साखळी चालवायची, तीही दर वेळी त्याच क्रमाने, हा त्यांचा भाग तुम्ही दोघींनी मिळून वाचा. नेमबाज जसा नेम धरून स्वतःच्या वेळेने गोळी सोडतो, तशी बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस हीच एक गोष्ट पूर्णपणे आपल्या वेळेने होते. म्हणून ही साखळी सर्व्हिसला बसवायची.

यादीत तुम्हाला 'माइंड जिम'ही दिसलं असेल. त्याची प्रकरणं दोन-चार पानांची आहेत, वाचायला हलकी आहेत. पण बहुतेक गोष्टी बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा खेळांतल्या आहेत आणि त्यात करून बघण्यासारखं कमी आहे. प्रवासात वाचायला ठीक. थिजण्यावरचा इलाज म्हणून घेऊ नका.

म्हणजे हातात दोन कामाच्या गोष्टी आल्या: रॅलीसाठी 'तिचं-माझं' आणि सर्व्हिससाठी साखळी. सर्व्हिसची साखळी कशी असावी ते लिहिते. सरांशी बोलून तुम्ही ती बदलू शकता. गुण संपला की मुलीने नेटकडे पाठ करायची आणि रॅकेटच्या तारांकडे बघायचं. एक लांब श्वास सोडायचा. घ्यायचा नव्हे, सोडायचा. वळून जागेवर यायचं, पायाची बोटं एकदा उचलून टेकवायची, म्हणजे पाय जिवंत असल्याचं तिलाच कळतं. मग शटल कुठे पडायला हवं ती जागा डोळ्यांनी बघायची आणि मनात एकच शब्द म्हणायचा, उदाहरणार्थ 'रेष'. आणि सर्व्हिस. सगळं मिळून सात-आठ सेकंदांत बसवा, कारण पंच उगाच थांबू देत नाहीत. शब्द जागेचा असावा, हाताचा नसावा. गॅब्रिएल वुल्फ यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून हेच निघालंय की आपल्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामाकडे, म्हणजे शटलच्या मार्गाकडे किंवा जागेकडे लक्ष ठेवलं तर हालचाल अधिक सहज होते.

ही साखळी सामन्यासाठी राखून ठेवू नका. सरावातल्या प्रत्येक सर्व्हिसला, अगदी कंटाळा येईपर्यंत तीच चालवायची. महिनाभर तरी. फक्त सामन्यातच चालवली तर ती 'आता काहीतरी मोठं घडतंय' याची खूण बनते आणि हात आणखी गार पडतात.

उरला सामन्याआधीचा तास. या तिन्ही पुस्तकांत तो नीट सापडत नाही, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

आपण सगळे घाबरलेल्या मुलाला 'शांत हो' म्हणतो. पण धडधडतं शरीर सांगून शांत होत नाही, आणि झालं नाही की मुलगी स्वतःला आणखी एक अपयश लावून घेते. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी गाणं, भाषण आणि गणित करणाऱ्यांवर प्रयोग केले. 'मी शांत आहे' ऐवजी 'मी उत्सुक आहे, जोशात आहे' असं स्वतःला म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस झाली. प्रयोग खेळावरचे नव्हते, पण कारण पटण्यासारखं आहे. भीती आणि जोश या दोन्हींत शरीर जवळपास सारखंच वागतं, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाणं सोपं, एकदम शांततेकडे जाणं अवघड. म्हणून तिला आधीच, घरी, निवांत असताना सांगा की गार बोटं म्हणजे शरीर तयारीला लागल्याची खूण आहे, बिघाड नाही. सामन्याच्या दिवशी तिने "हात गार पडले" म्हटलं की तुम्ही "चला, शरीर जागं झालं" एवढंच म्हणा. पुढे समजूत घालत बसू नका.

आणि तिला बसवून ठेवू नका. तासभर एका जागी बसून समोरचे सामने बघणं ही थिजणाऱ्या खेळाडूसाठी सगळ्यात वाईट गोष्ट. सामन्याची वेळ नक्की ठाऊक असेल तर साधारण चाळीस मिनिटं आधी दोरीउड्या किंवा हलकं धावणं, अंगाला खरा घाम येईपर्यंत. मग जोडीदाराबरोबर शटल मारायला मिळालं तर उत्तम. नाहीतर फटक्यांशिवाय नुसतं पायांचं काम: चार कोपरे, मधे येणं, पुन्हा चार कोपरे. शेवटच्या पाच मिनिटांत जॅकेट घालून अंग गरम ठेवायचं आणि तीन मिनिटं श्वास: चार आकडे मोजत नाकाने घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. सोडणं लांबवलं की हृदयाची गती उतरते. चक्कर आल्यासारखं वाटलं तर ती फार खोल श्वास घेतेय. तेव्हा आकडे तेच ठेवायचे आणि श्वास कमी भरायचा. हे घरी आठ-दहा दिवस झोपण्याआधी करून अंगवळणी पडल्याशिवाय स्पर्धेला नेऊ नका. सामने उशिरा सुरू होतात, दुसऱ्या कोर्टवर हलवले जातात, म्हणून या तासाची दहा मिनिटांत बसणारी छोटी आवृत्तीही तयार ठेवा: दोरीउड्या, चार कोपरे, दहा श्वास.

एक गोष्ट सरांना जरूर सांगा. "नेटमध्ये मारू नकोस", "घाबरू नकोस" ही वाक्यं त्या तासात बंद. डॅनियल वेग्नर यांनी १९९८ साली गोल्फच्या छोट्या फटक्यावर हे दाखवलं: चेंडू छिद्राच्या पुढे जाऊ देऊ नका असं सांगितल्यावर, डोक्यावर दुसरा भार असलेल्या माणसांचा चेंडू जास्तच पुढे गेला. टाळायची गोष्ट मनात जागी राहते, आणि दमलेलं मन तीच करून बसतं. 'नेटमध्ये मारू नकोस'ऐवजी 'पट्टीच्या वर एक बोट' म्हणा.

सरावातही थोडी भीती आणावी लागेल, नाहीतर पुस्तकातलं सगळं फक्त शांत कोर्टवर जमेल. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर आणि डार्ट फेकीवर असं बघितलं की ज्यांनी सरावातच थोडं दडपण सोसलं, त्यांचा खेळ पुढे दडपणाखाली टिकला. दडपण फार मोठं लागत नाही. आठवड्यातून एकदा सरांनी सगळ्यांना कडेला उभं करावं, तिला वॉर्मअपनंतर मुद्दाम वीस मिनिटं बसवून ठेवावं आणि मग थेट अकरा गुणांचा एक गेम खेळवावा. एकच संधी, पुन्हा खेळ नाही. हरली तरी त्या दिवशी त्यावर चर्चा नाही.

आता फरक पडतोय हे ओळखायचं कसं? जिंकण्या-हरण्यावरून ते कळत नाही, समोरची मुलगी दर वेळी वेगळी असते. तुम्ही कडेला वही घेऊन बसा आणि एकच गोष्ट लिहा: कितव्या गुणाला तिचे पाय सुटले. म्हणजे फटका मारून झाल्यावर ती न सांगता मधोमध परत यायला लागली, तो गुण. समजा आज हे चौदाव्या गुणाला घडतंय. सहा आठवड्यांनी आठव्याला घडलं, तर गेम हरूनही काम बरोबर चाललंय. आकडा जागचा हलला नाही, तर आधी तपासा की साखळी खरोखर प्रत्येक सर्व्हिसला होते का. माझ्या अनुभवात बहुतेक मुली पिछाडीवर गेल्या की ती सोडून घाईघाईने सर्व्हिस करतात. मग चूक साखळीत नसते, ती पुरेशी मुरलेली नसते. आणि साखळी होत असूनही आकडा तसाच असेल, तर ती शब्द म्हणताना मनगटाकडेच बघतेय का ते विचारा. तसं असेल तर शब्द बदला, जागा आणखी बारीक करा.

वाचनाबद्दल एकच पथ्य. गॅलवेंचं एक प्रकरण, मग दोन आठवडे फक्त त्याचा सराव, मग पुढचं. वाचनाची आवड असलेली मुलं पुस्तक दोन दिवसांत संपवतात आणि सामन्यात एकाच वेळी सहा युक्त्या आठवायला जातात, म्हणजे पुन्हा तोच पहारा. स्पर्धेच्या आठवड्यात नवं काही वाचायचं नाही, नवं काही करून बघायचं नाही.

पुस्तकांनी भागणार नाही अशा काही खुणा असतात. सामन्याच्या चार-चार दिवस आधीपासून झोप उडणं, दर वेळी उलट्या होणं, सरावालाही जायला नकार, शाळेच्या परीक्षेत किंवा वर्गात बोलतानाही असंच थिजणं. यातलं काही दिसलं तर खेळाडूंबरोबर किंवा मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला भेटा, पुस्तक बाजूला ठेवा. खेळताना छातीत दुखत असेल, भोवळ येऊन ती पडली असेल, तर ते भीतीचं समजू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. आणि तिला हेही एकदा विचारून बघा की सामन्याआधी तिला नेमकी कशाची भीती वाटते: हरण्याची, की हरल्यावर घरी किंवा सरांसमोर उभं राहण्याची. उत्तर दुसरं असेल तर तिला श्वास शिकवण्याआधी तुम्ही आणि सरांनी बसून बोलायला हवं. सामन्यानंतरचा पहिला अर्धा तास खेळाबद्दल कुणी काही विचारायचं नाही, असं तिला आधीच सांगून टाका आणि ते पाळा.

पुढची मोठी स्पर्धा तोंडावर आली असेल तर ती जशी आहे तशी होऊ द्या. फक्त घाम येईपर्यंतचं वॉर्मअप आणि 'चला, शरीर जागं झालं' एवढंच करा. बाकी सगळं तिच्यानंतरच्या सोमवारपासून, आणि पहिला खरा प्रयोग हरलं तरी काही न बिघडणाऱ्या एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यात.